बँकेने काढलेला विमा हॉटेलाला पुरतो का?

प्रश्न : कराडच्या अलीकडे महामार्गालगत माझं साठ खुर्च्यांचं हॉटेल आहे. जागा भाड्याची, पण आतली सजावट, फर्निचर, एसी, भट्ट्या, डीप फ्रीझर सगळं मी स्वतः केलेलं. त्यासाठी बँकेकडून कर्ज घेतलं तेव्हा बँकेनेच पंधरा लाखांचा विमा उतरवून घेतला आणि दरवर्षी त्याचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. पॉलिसीचा कागद मी आजवर नीट वाचलेला नाही. परवा आमच्या पट्ट्यातल्या एका ढाब्याला आग लागली आणि घरात विषय निघाला. आग, चोरी, गिऱ्हाईक पाय घसरून पडणं आणि हॉटेल काही महिने बंद राहणं, या चारांपैकी आमच्या पॉलिसीत काय बसतं? आणखी काय घ्यायला हवं?
— एक हॉटेलचालक, नाव न छापण्याच्या विनंतीसह

उत्तर : पत्रासोबत तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं झालं. तुमची पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नावाची आहे. एका जागेवरची एकूण मालमत्ता पाच कोटींच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांना आगीचा विमा याच ठरावीक नमुन्यात मिळू लागला. पाच ते पन्नास कोटींसाठी तिची थोरली बहीण आहे, ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. पॉलिसी चांगली आहे. आगीबरोबर स्फोट, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं तिच्यात येतं. गॅस सिलिंडरचा स्फोटही येतो. पण तुम्ही विचारलेल्या चारांपैकी ती एकच धोका नीट सांभाळते, तो म्हणजे आग. घरफोडी, गिऱ्हाइकाची इजा आणि बंद काळातलं उत्पन्न यांचा तिच्याशी संबंध नाही. आणि आगीचा भागही तुमच्या बाबतीत अर्धाच उरला आहे. का, ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवतो.

समजा, ऐन नोव्हेंबरात रात्री साडेदहाला तळणाच्या कढईतलं तेल जास्त तापून पेटलं. हॉटेलातली आग बहुधा अशीच सुरू होते, पण नुकसान कढईपाशी होत नाही. वरचा एक्झॉस्ट चालू असतो, तो ज्वाळा वर ओढून घेतो. चिमणीच्या जाळ्यांत आणि त्यामागच्या डक्टमध्ये महिनोन्‌महिने साठलेला चिकट थर पेटतो आणि डक्टमधून आग फॉल्स सीलिंगवर जाते. तिथे वायरी असतात, थर्माकोल असतो. खाली कुणी कढईवर पाणी ओतलं असेल तर पेटतं तेल चहूकडे उडालेलं असतं. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत स्वयंपाकघर गेलेलं असतं आणि हॉलचं छत काळं पडलेलं असतं. तुमच्या भट्ट्या, चिमणी, दोन फ्रीझर, छत, वायरिंग आणि काही टेबलं धरून आठ लाखांचं नुकसान झालं असं धरू.

विमा पंधरा लाखांचा, नुकसान आठ लाखांचं, म्हणजे आठ लाख मिळायला हवेत असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी एक गोष्ट मोजतो : विम्याखाली असलेल्या सगळ्या वस्तू आज नव्याने घ्यायच्या झाल्या तर किती पैसे लागतील? जळालेल्या आणि न जळालेल्या सगळ्या. तुम्ही दिलेली यादी आजच्या भावाने तीस लाखांच्या घरात जाते. म्हणजे तीस लाखांच्या मालाचा तुम्ही पंधरा लाखांचाच विमा उतरवलात आणि उरलेल्या अर्ध्या धोक्याची जबाबदारी स्वतःवर ठेवलीत. म्हणून भरपाईही अर्धी : आठ लाखांचे चार लाख. त्यातून प्रत्येक दाव्यामागे सोसायचे पहिले पाच हजार वजा. हातात येणारी रक्कम तीन लाख पंचाण्णव हजार.

या कपातीला विम्याच्या भाषेत ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात आणि छोट्या हॉटेलवाल्यांचं सर्वांत जास्त नुकसान तिच्यामुळेच होतं, असं माझं मत आहे. दावा नामंजूर झाला की माणूस भांडतो तरी. अर्धा मंजूर झाला की कंपनीने फसवलं असं मनात धरून गप्प बसतो. तुमच्या पॉलिसीत थोडी सवलत आहे. विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडत असेल तर ही कपात लावत नाहीत. तीस लाखांच्या मालावर साडेपंचवीस लाखांचा विमा असता तर पूर्ण आठ लाख, वजा पाच हजार, असे मिळाले असते. पण तूट त्याहून जास्त असली की कपात पूर्ण तुटीवर बसते, पंधरा टक्के सोडून उरलेल्यावर नव्हे.

पंधरा लाख हा आकडा आला कुठून? बँकेने आपल्या कर्जाएवढा विमा काढला. बँकेला तिचे पैसे सुरक्षित हवे होते आणि तिच्या दृष्टीने काम झालं. तुमच्या मालाची किंमत किती, हे पाहणं तुमचं काम होतं. पहिल्या पानावर खाली बँकेचं नाव छापलेलं आहे तेही पाहा. त्याचा अर्थ भरपाईची रक्कम आधी बँकेकडे जाणार. तुमचं अकरा लाखांचं कर्ज बाकी आहे. तीन लाख पंचाण्णव हजार त्यात जमा करून घ्यायचे की नव्या भट्ट्यांसाठी तुमच्या हातात द्यायचे, हे बँक ठरवेल. आगीनंतर तो निर्णय यायची वाट पाहत बसण्यापेक्षा शाखाधिकाऱ्याशी आत्ताच बोलून ठेवा.

त्याच पानावर आणखी एक ओळ आहे : ‘फर्निचर, फिक्श्चर व यंत्रसामग्री’. मालाचा साठा असं कुठेच नाही. तेल, तांदूळ, मसाले, फ्रीझरमधलं मटण, चिकन हे यादीतच नसल्याने त्याचा एक रुपयाही मिळणार नाही. साठ्याची वेगळी ओळ घालून घ्या आणि रक्कम दिवाळीच्या गर्दीतल्या साठ्यावरून ठरवा, एरवीच्या नव्हे.

फ्रीझरचा विषय निघालाच आहे तर दोन अपवाद सांगून ठेवतो, कारण वाद होतात ते इथेच. शॉर्टसर्किट होऊन फ्रीझरचा कॉम्प्रेसर स्वतःच जळाला आणि नुकसान तेवढ्यावरच थांबलं, तर त्या यंत्राची भरपाई आगीच्या पॉलिसीत नाही. तिथून आग पसरून शेजारचं कपाट जळालं, तर कपाटाची आहे. आणि वीज गेल्यामुळे फ्रीझरमधला माल सडला तर तोही या पॉलिसीत नाही. त्यासाठी यंत्र बिघाडाचा आणि नाशवंत मालाचा वेगळा विमा असतो. ज्यांच्याकडे मासळी किंवा आइस्क्रीमचा मोठा साठा असतो त्यांनी त्याचा विचार करावा. तुम्हाला त्याची निकड दिसत नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला काळजीची वाटली. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही पुढच्या अंगणात बांबू आणि गवती छपराची शेड टाकलीत. पॉलिसीत इमारतीचं वर्णन ‘पक्कं बांधकाम, सिमेंटचं छत’ असं आहे. गवती छप्पर हा विम्याच्या हिशेबात निराळाच धोका आहे, त्याचा दरही वेगळा असतो. हे न कळवता उद्या त्या शेडमधून आग आत शिरली, तर आतल्या नुकसानीचा दावाही वादात सापडू शकतो. या आठवड्यातच कंपनीला पत्र किंवा ईमेल पाठवा, शेडचा फोटो जोडा आणि पॉलिसीत दुरुस्ती करून मिळाल्याचा कागद घ्या. त्याला ‘एंडॉर्समेंट’ म्हणतात. एजंटला फोनवर सांगितलं होतं, हे पुढे कुणी ऐकून घेत नाही.

कामगाराच्या चुकीने आग लागली म्हणून दावा बाद होतो का, असंही तुम्ही विचारलं आहे. नुसत्या निष्काळजीपणाने होत नाही. तसं असतं तर आगीचे फारच थोडे दावे मंजूर झाले असते. तुम्ही स्वतः जाणूनबुजून लावलेली किंवा लावून घेतलेली आग मात्र बाद. पण वाजवी काळजी घ्यायची अट पॉलिसीत असतेच, त्यामुळे सर्व्हेअर काही गोष्टी हमखास विचारतो : डक्ट शेवटचा कधी साफ केला, त्याचं बिल आहे का, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख कोणती, आणि स्वयंपाकघरात घरगुती वापराचे १४.२ किलोचे लाल सिलिंडर होते का. हे सिलिंडर हॉटेलात वापरणं बेकायदा आहे आणि स्फोटानंतर त्यांचे तुकडे लपत नाहीत. आपल्या राज्यात २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून ‘नमुना ब’चं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते तुमच्या इमारतीला लागू आहे का आणि मालक ते देतो का, हे अग्निशमन विभागात विचारून घ्या. लागू असेल तर त्याची प्रत हॉटेलात ठेवू नका, घरी ठेवा. बिलं, खरेदीच्या पावत्या, साठ्याची वही यांच्याही प्रती घरीच किंवा मोबाइलमध्ये असू द्या. आगीत पुरावाही जळतो.

जागा भाड्याची आहे म्हणून इमारत मालकाची चिंता, असं समजू नका. मालकाने इमारतीचा विमा काढला असेल तर कंपनी त्याला भरपाई देईल आणि मग ‘भाडेकरूच्या चुकीने आग लागली’ म्हणत ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. हा तिचा कायदेशीर हक्क आहे. भाडेकरारात नुकसानीबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. मालकाच्या पॉलिसीत तुमच्यावर वसुली न करण्याची अट घालून मिळते का, ते विचारा. नाहीतर तुमच्या जबाबदारीच्या विम्यात भाड्याच्या जागेच्या नुकसानीची भर घाला.

चोरीबद्दल थोडक्यात. आग किंवा पुरानंतर पडझडीचा फायदा घेऊन सात दिवसांच्या आत कुणी माल पळवला तर तो आगीच्या पॉलिसीत येतो. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो आणि तिथे कळीचा मुद्दा आहे जबरदस्तीने केलेल्या प्रवेशाचा. शटर उचकटलं, कुलूप तोडलं, खिडकीचा गज कापला, अशी खूण दिसली पाहिजे आणि पोलिसांच्या पंचनाम्यात ती आली पाहिजे. भरदिवसा कुणी काउंटरवरचा टॅब उचलून नेला तर ती या पॉलिसीच्या हिशेबात घरफोडी नाही. तुमच्याच वेटरने किंवा कॅशिअरने हात मारला तर तेही नाही; त्यासाठी नोकरांच्या प्रामाणिकपणाचा, म्हणजे ‘फिडेलिटी’चा विमा असतो. गल्ल्यासाठी रोख रकमेचा विमा मिळतो, पण हॉटेल बंद झाल्यावर ड्रॉवरमध्ये राहिलेली रोकड त्यात सहसा धरत नाहीत. ती कुलूपबंद तिजोरीत हवी आणि तिजोरीची किल्ली त्याच जागेत ठेवलेली नको. तुमची निम्म्याहून जास्त बिलं आता यूपीआयवर होतात, तेव्हा या विम्याची रक्कम एका रात्रीच्या रोकडीपुरती ठेवली तरी चालेल.

गिऱ्हाइकाच्या इजेसाठी सार्वजनिक जबाबदारीचा विमा, म्हणजे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घ्यावी लागते. तुमच्या हॉटेलातली धोक्याची जागा मला तुम्ही पाठवलेल्या हॉटेलच्या फोटोतच दिसली : हात धुवायच्या बेसिनसमोरची गुळगुळीत फरशी, जेवणाच्या वेळेत कायम ओली. तिथे एखाद्या आजींचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं, तर शस्त्रक्रियेचा खर्च, त्यानंतरची सेवा, मनस्ताप यांची भरपाई त्या ग्राहक आयोगाकडे मागू शकतात. कायद्याने तुम्हाला जे देणं लागेल ते ही पॉलिसी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते, आणि कंपनीच्या संमतीने केलेला वकिलाचा खर्चही देते. मर्यादा दोन असतात : एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात मिळून किती. एकाच साखरपुड्याच्या जेवणातून चाळीस पाहुण्यांना विषबाधा झाली तर ती बहुधा एकच घटना धरतात, चाळीस नव्हेत. एका घटनेची मर्यादा दहा लाख असेल तर त्यातच सगळे भागवायचे. म्हणून तुमच्याकडे मोठ्या पंगती होत असतील तर वार्षिक आकड्यापेक्षा एका घटनेची मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. आणि अन्न-पेयातून होणारी विषबाधा समाविष्ट आहे असं स्पष्ट लिहून घ्या. अनेक पॉलिसींत ती मागून घ्यावी लागते.

या पॉलिसीतली एक अट आपल्या माणसांना जड जाते. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाई कबूल करायची नाही. आजी पडल्यावर तुमच्या तोंडून ‘सगळा खर्च आमच्याकडे लागला’ असं निघणं अगदी स्वाभाविक आहे, पण ते लेखी किंवा साक्षीदारांसमोर दिलेलं वचन पुढे दाव्याला अडचण करतं. याचा अर्थ पाठ फिरवायची असा मुळीच नाही. त्यांना उचला, रिक्षा थांबवा, सोबत माणूस देऊन दवाखान्यात पोचवा, दुसऱ्या दिवशी चौकशी करा. त्यात कुठेही कबुली नाही. त्याच दिवशी कंपनीला घटना लेखी कळवा आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, कारण बहुतेक यंत्रणा काही आठवड्यांनी जुन्या चित्रणावर नवं चित्रण करतात. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. ही पॉलिसी बहुतेक वेळा दावा ज्या काळात येतो त्यावर चालते, म्हणून एखाद्या वर्षी नूतनीकरण चुकलं तर आधीच्या वर्षीची घटनाही उघडी पडू शकते.

तुमचा आचारी भाजला तर तो मात्र ‘गिऱ्हाईक’ नव्हे. तुमच्याकडे चौदा माणसं आहेत, म्हणजे दहाच्या वर. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांची ईएसआयसीत नोंद हवी. त्यातून बाहेर राहणाऱ्यांसाठी कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्या.

आता चौथा धोका. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक हॉटेलवाल्यांनी याचं नावही ऐकलेलं नसतं. आगीनंतर भट्ट्या आणि छत यांचे पैसे मिळाले तरी तीन महिने हॉटेल बंद. भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू, आणि आचाऱ्याला पगार दिला नाही तर तो शेजारच्या हॉटेलात जाणार. या काळातलं बुडालेलं उत्पन्न भरून देणारा विमा म्हणजे व्यवसाय खंडाचा विमा. ‘फायर लॉस ऑफ प्रॉफिट’ या नावाने एजंटकडे विचारा. नाव नफ्याचं असलं तरी तो निव्वळ नफ्यापुरता नसतो. त्यात ‘ढोबळ नफा’ धरतात आणि तो असा काढतात : विक्रीतून फक्त ते खर्च वजा करायचे जे विक्री थांबली की आपोआप थांबतात, म्हणजे किराणा, भाजी, मटण, गॅस. उरेल तो ढोबळ नफा. भाडं, पगार, व्याज आणि तुमची कमाई सगळं त्यातच असतं.

तुमची वर्षाची विक्री १ कोटी ८ लाख आहे, म्हणजे महिन्याला सरासरी नऊ लाख. किराणा ते गॅस यांवर विक्रीच्या ४५ टक्के जातात. तेव्हा ढोबळ नफ्याचा दर ५५ टक्के आणि वर्षाचा ढोबळ नफा ५९ लाख ४० हजार. विमा एवढ्या रकमेचा हवा. इथेही अ‍ॅव्हरेज लागतो : तीस लाखांचाच काढलात तर भरपाई पुन्हा निम्मी.

आता तीच नोव्हेंबरची आग. हॉटेल तीन महिने बंद. गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत, हंगाम असल्याने, तीस लाखांची विक्री झाली होती. यंदा तुम्ही गावातल्या एका मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर साठ हजारांना भाड्याने घेऊन पार्सल चालू ठेवलंत आणि चार लाखांची विक्री केलीत. तूट सव्वीस लाखांची. तिचे ५५ टक्के म्हणजे १४ लाख ३० हजार. भाड्याच्या स्वयंपाकघराचे साठ हजारही मिळतील, कारण ते खर्च केले म्हणून चार लाखांची विक्री वाचली आणि तिच्यातला ढोबळ नफा, दोन लाख वीस हजार, हा साठ हजारांहून मोठा आहे. वाचवलेल्यापेक्षा खर्च जास्त असता तर जास्तीचा भाग तुमच्यावर पडला असता. बंद काळात वीजबिल आणि काही किरकोळ खर्च मिळून ऐंशी हजार वाचले, ते वजा. झाले १४ लाख १० हजार. पहिले सात दिवस तुम्ही सोसायचे अशी अट धरली तर नव्वद दिवसांच्या हिशेबाने सुमारे एक लाख दहा हजार जातात. उरतात साधारण तेरा लाख. आगीत जळालेल्या वस्तूंहून बंद काळाचं नुकसान मोठं निघालं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. भाड्याच्या जागेतल्या हॉटेलात पुष्कळदा असंच होतं.

हा हिशेब गेल्या वर्षीच्या आकड्यांची नुसती नक्कल नसतो. दरम्यान तुमच्यासमोर उड्डाणपूल होऊन गाड्या वरून जायला लागल्या असतील, तर कंपनी अपेक्षित विक्री कमी धरेल. धंदा वाढता असेल तर तुम्ही जास्त मागू शकता. पण आधार एकच : जीएसटीचे विवरणपत्र आणि वहीखातं. पक्क्या बिलावर न आलेला गल्ला या हिशेबात येत नाही. तुमच्या पत्रात ‘कागदावर’ आणि ‘खरी’ अशा दोन विक्री लिहिल्या आहेत. मी वर फक्त कागदावरची धरली आहे, कारण भरपाईही तिच्यावरच मिळेल.

भरपाईचा काळ निवडताना केवळ गवंडी आणि सुतार यांना लागणारे दिवस धरू नका. सर्व्हे, बँकेची परवानगी, वीजजोडणीची तपासणी, परवान्यांची कामं, आणि दार उघडल्यानंतर एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्या पुन्हा तुमच्याकडे थांबायला लागेपर्यंतचा वेळ, हे सगळं त्यात येतं. तीन महिन्यांत दार उघडलं तरी विक्री पूर्वपदावर यायला आणखी तीन लागू शकतात. तुमच्यासाठी मी सहा महिन्यांचा काळ किमान मानतो.

आणि या विम्याची मर्यादा. तो आगीच्या पॉलिसीच्या पाठीवर बसलेला असतो. आधी तुमच्या जागेतल्या विमा उतरवलेल्या वस्तूंचं नुकसान झालं पाहिजे आणि तो दावा मान्य झाला पाहिजे. मगच हा उघडतो. कोरोनाच्या टाळेबंदीत हॉटेलं बंद राहिली, पण काही जळालं वा पडलं नव्हतं, म्हणून साध्या पॉलिसीत तेव्हा काही मिळण्यासारखं नव्हतं. शेजारची इमारत जळाली आणि पोलिसांनी तुमचा रस्ता अडवला, तर तेही जोडकलम घेतल्याशिवाय नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी शेडची सूचना आणि पंधराचे तीस लाख, शिवाय साठ्याची वेगळी ओळ. मग गिऱ्हाइकांसाठी जबाबदारीचा विमा आणि व्यवसाय खंड. घरफोडी आणि रोकड शेवटी. पुष्कळ कंपन्या हे सगळं एकाच ‘पॅकेज’ पॉलिसीत देतात. ती घेतलीत तरी प्रत्येक भागासमोरची रक्कम वेगळी तपासा, कारण पॅकेजमध्ये व्यवसाय खंडासमोर नुसती रेघ मारलेली असू शकते.

दावा करायची वेळ आलीच तर राडारोडा लगेच उचलू नका. धोकादायक भाग सुरक्षित करा, फोटो काढा, पण सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय जळालेला फ्रीझर भंगारवाल्याला देऊ नका. अग्निशमन दलाचा अहवाल मागून घ्या. निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तुमच्यासारख्या एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही.

प्रश्न : गणपतीपुळ्याजवळ आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे. ‘पाहुण्यांच्या सामानाची व वाहनांची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही’ असा बोर्ड लावला आहे. तरी विमा लागतो का?

उत्तर : लागतो. बोर्डाला वाटतं तेवढं बळ नाही. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने आपल्या मारुती झेनची किल्ली गाडी लावून द्यायला हॉटेलच्या माणसाकडे दिली. बाहेर आला तर गाडी दुसराच कुणी घेऊन गेला होता. पार्किंगच्या पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. गाडीच्या विमा कंपनीने पाहुण्याला भरपाई दिली आणि मग त्याच्यासह हॉटेलावर दावा लावला. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या विरोधात निकाल दिला. किल्ली ताब्यात घेतली की वस्तू सांभाळण्याची जबाबदारी आली, पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं, आणि स्वतःचा निष्काळजीपणा पावतीवरच्या छापील ओळीमागे लपवता येत नाही, असा त्याचा सारांश.

हा निकाल किल्ली दिल्यासंबंधी आहे. पाहुण्याने स्वतः आवारात गाडी लावली आणि किल्ली खिशात ठेवली, तर तुमची बाजू पुष्कळ बरी. म्हणून तुमचा पोरगा ज्या उत्साहाने ‘किल्ली द्या साहेब, लावतो’ म्हणतो, तो आधी थांबवा किंवा त्यासाठी विमा घ्या. साधी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घेतली तरी हा प्रश्न सुटत नाही. तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंचं नुकसान त्या पॉलिसीतून बहुतेक वेळा वगळलेलं असतं. ताब्यातली वाहनं आणि पाहुण्यांचं सामान अशी दोन्ही जोडकलमं वेगळी मागावी लागतात. पोहण्याचा तलाव किंवा लिफ्ट असेल तर त्याचाही उल्लेख हवा.

दागिने किंवा रोकड काउंटरवर ठेवून घेत असाल तर वहीत तारीख, वेळ, पाकिटावरच्या सीलचा क्रमांक आणि दोघांच्या सह्या घ्या. आत काय आहे ते पाहुण्याने स्वतःच्या हाताने लिहू द्या, आणि परत देताना सील शाबूत असल्याची सही पुन्हा घ्या.